सेकंडहँड आरटीएक्स ३०७०: सहा महिने आणि सात नवे गेम

डिसेंबर २०२४ मध्ये घेतलेलं ग्राफिक्स कार्ड. तीन पंख्यांचं मॉडेल, ८ जीबी जीडीडीआर६ मेमरी, आठ पिनांचे दोन कनेक्टर. सोबत रायझन ५ ५६००, ३२ जीबी रॅम, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि १४४०पी मॉनिटर. खालचे आकडे जून २०२५ पर्यंतच्या वापरातले आहेत.

आधी कार्डाची अवस्था. पहिल्याच तासात चिपचं तापमान ८२ अंश, तिच्यातला सगळ्यांत गरम बिंदू, म्हणजे हॉटस्पॉट, १०३. दोन्हींत वीस अंशांहून जास्त फरक दिसला की पेस्ट वाळली किंवा हीटसिंक नीट टेकत नाही असं समजायचं. उघडल्यावर पेस्ट भुकटीसारखी झालेली होती आणि थर्मल पॅडमधून तेल सुटलं होतं. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने साफ करून नवी पेस्ट लावली. पॅडची जाडी मात्र अंदाजाने घेऊ नका. एकाच कार्डावर वेगवेगळ्या जाडीचे पॅड असतात. जाड पॅड बसला तर हीटसिंक उचलला जातो आणि चिप आधीपेक्षा जास्त तापते. जुने पॅड, न दबलेल्या कडेपाशी, कॅलिपरने मोजा. चिपभोवतीचे चार स्क्रू तिरक्या जोडीने, थोडे थोडे आवळा. यानंतर ७० आणि ८३. या कार्डावर मेमरीचं तापमान दाखवणारा सेन्सर वाचता येत नाही, म्हणून पॅडकडे आणखी लक्ष हवं.

नंतर कार्डाचा वेग आणि व्होल्टेज बदलणाऱ्या आफ्टरबर्नर सॉफ्टवेअरमध्ये Ctrl+F दाबून व्होल्टेजचा आलेख उघडला आणि ८७५ मिलिव्होल्टला १८४५ मेगाहर्ट्झवर सपाट केला. २२० वॅटचा वापर १८० च्या आसपास आला, फ्रेम्स दोन-तीनच कमी झाल्या. ८५० मिलिव्होल्टला तोच वेग जुन्या गेममध्ये टिकला, पण रे ट्रेसिंग चालू होताच गेम बंद पडू लागला. म्हणून अशा कमी केलेल्या व्होल्टेजची, म्हणजे अंडरव्होल्टची परीक्षा नेहमी रे ट्रेसिंगवरच घ्यावी.

२०२१ च्या सुरुवातीआधीचं कार्ड असेल तर जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये Resizable BAR तपासा, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय. मदरबोर्डमध्ये चालू असूनही Disabled दिसत असेल तर कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे व्हीबायोस, जुनं असण्याची शक्यता मोठी. इथे तसंच होतं, अपडेटनंतर चालू झालं.

आता गेम. सगळे १४४०पी वर, कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून देणाऱ्या डीएलएसएससह. क्वालिटी, बॅलन्स्ड, परफॉर्मन्स हे त्याचेच मोड.

किंगडम कम: डिलिव्हरन्स २ सगळ्यांत सुखाचा. हाय, क्वालिटी मोड, ८० ते ८५ फ्रेम्स. शहरात ६० वर येतो, पण तिथे प्रोसेसर अडतो. क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपेडिशन ३३ हायवर साधारण ६०. एपिक केल्यास ४५, आणि दिसण्यात त्या मानाने फार फरक नाही.

डूम: द डार्क एजेस आणि इंडियाना जोन्स, दोन्हींना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच, आणि दोन्ही या कार्डावर ६५ च्या वर चालतात. अट एकच, टेक्स्चर पूल, म्हणजे पोतांसाठी राखलेली मेमरी, आवरता ठेवायचा. इंडियाना जोन्समध्ये तो मीडियमवरून अल्ट्रावर नेला की ७० फ्रेम्सचे थेट १२ होतात. कारण साधं आहे. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वाहते, पण ती भरली की उरलेलं साध्या रॅममधून पीसीआय एक्सप्रेस ४.० मार्गे येतं, सेकंदाला जेमतेम ३२ जीबी. चिप नुसती वाट बघत बसते. अशा वेळी शॅडो किंवा रिझोल्यूशन कमी करत बसण्यापेक्षा सगळ्यांत आधी टेक्स्चर एक पायरी खाली आणा. डूममध्ये पूल २०४८ पुरेसा आहे.

मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स ही खरी निराशा. मीडियम, बॅलन्स्ड मोड, ५० ते ५५. टेक्स्चर हाय ठेवल्यास जमिनीवरचे पोत उशिरा भरतात, कॅमेरा वळवला की काही क्षण पुसट राहतात. हाय-रिझोल्यूशन टेक्स्चर पॅक इथे डाउनलोडही करू नका.

असॅसिन्स क्रीड शॅडोज ५५ च्या आसपास, रे ट्रेसिंग फक्त गेममधल्या आपल्या गुप्त तळापुरतं ठेवून. ऑब्लिव्हियन रीमास्टर्डमध्ये प्रकाशाचं रे ट्रेसिंग करणारं हार्डवेअर ल्युमेन बंद, परफॉर्मन्स मोड, तरी मोकळ्या रानात ५५ आणि नवा भाग लोड होताना झटके. हे झटके याहून वेगवान कार्डांवरही येतात, त्यासाठी कार्ड बदलू नका.

डीएलएसएसचं नवं ट्रान्सफॉर्मर मॉडेल जानेवारी २०२५ मध्ये आलं, ते याही कार्डावर चालतं. दोन-चार फ्रेम्स खातं, पण बॅलन्स्ड मोड जुन्या क्वालिटीच्या तोडीचा दिसतो, आणि आतलं रिझोल्यूशन उतरल्याने मेमरीही थोडी वाचते. मधल्या फ्रेम्स स्वतः बनवणारं डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन मात्र आरटीएक्स ४०-मालिकेपासून पुढेच. एएमडीच्या एफएसआरचं चालतं, पण तेही मेमरी मागतं. ८ जीबी काठोकाठ भरलेली असेल तर उलट गेम अडखळतो.

गेम सुरू करण्याआधी ब्राउझर बंद करा. पाच-सहाशे एमबी तिथेच मोकळे होतात, आणि या कार्डावर तेवढ्याने टेक्स्चरची एक पायरी टिकते.