चंपाषष्ठीसाठी तीन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज

दिनांक : 6 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
माध्यमिक विभाग, पुणे

विषय : दि. 25 ते 27 नोव्हेंबर 2025 (मंगळवार ते गुरुवार) किरकोळ रजा मिळण्याबाबत.

महोदया,

आमचे कुलदैवत खंडोबा. मूळ गाव सातारा. जिल्ह्याचे नव्हे, छत्रपती संभाजीनगरजवळचे. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घरी घट बसतो आणि षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, उठतो. यंदा ही षष्ठी बुधवारी, 26 नोव्हेंबरला आहे.

दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली असताना पुन्हा रजा मागणे मला जड जाते. पण हा दिवस तिथीचा आहे, मागेपुढे करता येत नाही. गेल्या वर्षी तो 7 डिसेंबरला, शनिवारी आला होता. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ असल्याने डिसेंबरच्या मध्यावर जाईल, तेव्हा त्या वेळची गैरसोय आताच आपल्या कानावर घालतो.

एरवी मी एका दिवसात जाऊन आलो असतो. यंदा मात्र तळी भरायला आमच्या भावकीत गावी चारच जण उरले आहेत. तळी पाच जणांनी उचलायची ही आमची रीत, आणि पाचवे माझे वडील असत. ते आता 79 वर्षांचे आहेत. ताट धरून त्यांना उभे राहवत नाही. त्यांची जागा मी घ्यावी, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. वांग्याचे भरीत आणि बाजरीच्या रोडग्यांचा नैवेद्य दाखवल्याशिवाय त्यांनी आजवर चातुर्मासातला कांदा-वांग्याचा नेम सोडलेला नाही. त्यांनाही सोबत नेत आहे. त्यामुळे मंगळवारी सकाळी वाकडेवाडीहून एसटीने जाणे, बुधवारी देवकार्य आणि गुरुवारी परत, इतका वेळ लागेल. रात्रीचा प्रवास त्यांना झेपणार नाही.

दहावी ‘अ’ला सध्या वर्तुळाचे प्रकरण चालू आहे. ते अर्धवट ठेवून जाणार नाही. 15 व 22 नोव्हेंबरच्या शनिवारी शाळा सुटल्यावर एकेक जादा तास घेऊन स्पर्शिकेची प्रमेये पूर्ण करीन. नववीच्या तासिका दहावी ‘ब’च्या वर्गशिक्षिकांनी बदलून घेतल्या आहेत, त्यांच्या तासिका मी त्याआधीच्या आठवड्यात घेईन. आठवीसाठी सरावाची उदाहरणे पर्यवेक्षकांकडे देऊन ठेवतो. घटक चाचणीचे गुण सोमवारी, 24 तारखेला कार्यालयात जमा होतील. काही अडल्यास दुपारी फोन करावा. सकाळ-संध्याकाळ देवळात असेन.

माझ्या खाती किरकोळ रजा 5 दिवस शिल्लक आहेत. त्यांतून वरील तीन दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती. शुक्रवारी, 28 नोव्हेंबरला पहिल्या तासिकेला हजर राहीन.

आपला विश्वासू,
संजय विठ्ठल गायकवाड
सहशिक्षक, गणित