ताबापत्र : सदनिका क्र. ३०२, तिसरा मजला, रत्नागिरी

दि. १२ मे २०२५

मा. सदनिकाधारक,
सप्रेम नमस्कार.

नगरपरिषदेचा भोगवटा दाखला मिळाला असून, रेरा कायद्यानुसार त्यापासून दोन महिन्यांत ताबा घ्यावयाचा आहे. पावसाआधी घेतलात तर सामान हलवणे सोपे जाईल.

कार्पेट क्षेत्र ४८.३० चौ. मी., म्हणजे ५२० चौ. फूट. जिना, लिफ्ट, पॅसेज धरून सुपर बिल्टअप ७२८ चौ. फूट. किंमत करारानुसार कार्पेटवरच घेतली आहे. देखभाल मात्र सुपर बिल्टअपवर आकारली आहे. याबद्दल आपण फोनवर नाराजी व्यक्त केलीत, पण सर्वांना हाच हिशोब आहे.

चावीपूर्वी भरावयाची रक्कम:
देखभाल आगाऊ, १२ महिने, ₹३ दराने: ₹२६,२०८
वीजमीटर व ट्रान्सफॉर्मर: ₹४५,०००
सोसायटी नोंदणी: ₹१५,०००
नळजोडणी: ₹१२,०००
एकूण: ₹९८,२०८ (जीएसटी वेगळा)

नळजोडणीचा खर्च करारात नव्हता, हे मान्य. हरकत असल्यास ताब्याच्या पावतीवर ‘हरकत राखून’ असे लिहून सही करावी. आमची ना नाही.

बांधकामातील दोष ताब्यापासून पाच वर्षांत लेखी कळवल्यास विनामूल्य दुरुस्त करून देऊ. पश्चिमेच्या भिंतीची ओल पहिल्या पावसात जरूर पाहावी.

आपला,
विकासक