मालवण फिरायला स्कूटर आणि बाईक भाड्याने : तासावर किंवा दिवसावर

मालवणात उतरलात की पहिला प्रश्न असतो, तारकर्लीला जायचं कसं? रिक्षा मिळते, पण देवबागच्या संगमावर अजून अर्धा तास बसावंसं वाटलं की रिक्षावाले काका घड्याळ बघायला लागतात. गाडी आपल्या हाताशी असली की सकाळी चिवला बीचवर रापण ओढताना बघा, दुपारी जेवून मस्त ताणून द्या आणि संध्याकाळी रॉक गार्डनला सूर्यास्त गाठा. कोणाची घाई नाही.

आमचं दुकान एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आहे. रोज सकाळी ७ ते रात्री ९ उघडं.

भाडं (पेट्रोल वेगळं) :
अ‍ॅक्टिव्हा, ज्युपिटर : तासाला ८० रुपये, २४ तासांचे ४५०
अ‍ॅक्सेस १२५ : तासाला ९०, २४ तासांचे ५००
शाईन : तासाला १००, २४ तासांचे ६००
बुलेट ३५० : फक्त दिवसावर, १२००

तासावर घेतलीत तर कमीत कमी तीन तास. अ‍ॅक्टिव्हाचे सहा तासांचे ४८० होतात, तेव्हा आम्ही आपोआप दिवसाचेच ४५० लावतो, विचारावं लागत नाही. तीन दिवस किंवा जास्त हवी असेल तर रोजचे ५० कमी. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातही हेच रेट, फक्त गाड्या लवकर संपतात, म्हणून दोन दिवस आधी मेसेज करा. मांडवी किंवा तुतारीने कुडाळला उतरत असाल तर गाडी स्टेशनवर आणून देतो, त्याचे ३०० वेगळे.

येताना ड्रायव्हिंग लायसन्स आणि आधार आणा. डिजिलॉकरमधलं लायसन्स चालतं, मोबाईलमधला नुसता फोटो चालत नाही. लर्निंग लायसन्सवर गाडी देत नाही, आणि बुलेट किंवा शाईन हवी असेल तर लायसन्सवर गिअरच्या गाडीची नोंद हवी. गाडी जो चालवणार त्याचंच लायसन्स लागतं. दोघं आलटून पालटून चालवणार असाल तर दोघांची. तुमचं मूळ आधारकार्ड आम्ही ठेवून घेत नाही, बघून परत देतो.

डिपॉझिट स्कूटरला १०००, शाईनला १५००, बुलेटला ३०००. रोख किंवा यूपीआय. गाडी देताना तुमच्यासमोर चारी बाजूंनी व्हिडिओ काढतो आणि तुमच्याच मोबाईलवर पाठवतो. जुना ओरखडा कुठला, नवा कुठला, यावरून परत करताना वाद नको. गाडी आली, बघितली, पेट्रोलचा काटा होता तिथे असला की डिपॉझिट त्याच जागी परत. पंक्चर तुमच्याकडे, इंजिन किंवा बॅटरीचा बिघाड आमच्याकडे. फोन केलात की माणूस येतो. चलन लागलं तर ते चालवणाऱ्याचं. परत करायला अर्धा तास उशीर झाला तर काही नाही, पुढे तासाचा दर. गाडी जिल्ह्याबाहेर न्यायची नाही. कुणकेश्वर, वेंगुर्ला, निवती खुशाल करा, गोव्याला मात्र दुसरी सोय बघा.

आता हेल्मेट. प्रत्येक गाडीसोबत आयएसआय मार्कची दोन हेल्मेट मिळतात, भाड्यातच. मागे बसणाऱ्यालाही घालावंच लागतं. कायदा तेच सांगतो, दंड १००० रुपये आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित होऊ शकतं. पण आम्ही हट्ट धरतो तो दंडासाठी नाही. देवबागच्या अरुंद रस्त्याला वळणावर वाळू येऊन पडलेली असते, माडाची झावळी आडवी असते, समोरून टुरिस्टची टेम्पो ट्रॅव्हलर येते. स्कूटर तीसच्या वेगातही घसरते. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली टक् वाजेपर्यंत आम्ही चावी हातात देत नाही. लहान मुलांसाठी छोट्या साईजची चार हेल्मेट आहेत, बुकिंग करतानाच सांगून ठेवा. आतलं अस्तर रोज सकाळी धुऊन दुकानामागे उन्हात वाळत घालतो, तरी डोक्याला रुमाल बांधून घातलात तर बरं. हेल्मेट हरवलं तर ९००.

आणि एक कळकळीची विनंती. गाडी किनाऱ्यावर, वाळूत उतरवू नका. गेल्या मेमध्ये एकांनी फोटोसाठी स्कूटर तारकर्लीच्या ओल्या वाळूत नेली, मागचं चाक निम्मं रुतलं आणि भरतीचं पाणी सायलेन्सरपर्यंत आलं. सहा जणांनी ओढून काढली. धुतली, तरी आठवड्याभरात ब्रेकचा ड्रम गंजून आवाज करायला लागला. तो ब्रेक पुढच्या पर्यटकाला लागणार असतो. खाऱ्या पाण्यात गेलेली गाडी परत आली तर डिपॉझिट मिळणार नाही. गाडी रस्त्याकडेला लावा, पुढे सुरूच्या बनातून चालत जा, तेही छान वाटतं.

किती दिवस, किती जण, कुठली गाडी, एवढं लिहून मेसेज करा. सावकाश येवा.

#मालवण #तारकर्ली #देवबाग #सिंधुदुर्ग #भाड्यानेस्कूटर