चि. मृणालला, सीए फर्ममध्ये पार्टनर झाल्याबद्दल

सांगली,
१३ एप्रिल २०२५

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला, पण बातमी त्याआधीच कळली होती. संध्याकाळी गणपती पेठेतून येताना तुझ्या बाबांनी दुकानातून हाक मारली. गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून त्यांनी आधी पेढा हातावर ठेवला आणि मग विचारलं, "सर, पार्टनर म्हणजे पगार किती वाढला हो?" मी म्हटलं, "पगार बंद झाला." त्यांचा चेहरा असा काही उतरला की मलाच वाईट वाटलं. मग समजावून सांगितलं, की पोरगी आता पगार घेणाऱ्यांतून पगार देणाऱ्यांत गेली. हे त्यांना लगेच पटलं. शेवटी दुकानदार माणूस!

मनापासून अभिनंदन. काकूही खूश आहेत. त्यांचा पहिला प्रश्न होता, "आता तरी वेळेवर जेवते का?" उत्तर तू परस्पर दे.

हे पत्र हातानं लिहितोय, कारण फोनवर तू "हो सर, हो सर" म्हणतेस आणि मग मला मुद्दा आठवत नाही. कालच जतच्या बँक ब्रांच ऑडिटमधून मोकळा झालो. या वयात एप्रिलच्या उन्हात जतला जायची हौस कुणाला असते? पण यंदा बरोबर सीएचं काम शिकणारे दोन नवे आर्टिकल होते आणि त्यांना एकटं पाठवायला मन होईना. त्यातला एक जण कर्जखात्यांची यादी टिका मारत पुढे पुढे पळत होता. त्याला थांबवलं आणि तासगावच्या कोल्ड स्टोरेजची गोष्ट सांगितली. तुझं नाव घेतलं नाही, 'आमची एक आर्टिकल' एवढंच म्हटलं. घरी आलो, तर तुझी बातमी. म्हणून ती गोष्ट आज तुलाही सांगतो. तुला त्यातली अर्धीच माहीत आहे.

तू दुसऱ्या वर्षाला होतीस. त्या बेदाणा व्यापाऱ्याचा अखेरचा साठा मोजायला तुला आणि महादेवमामांना पाठवलं होतं. बाहेर चाळिशीच्या वरचं ऊन आणि आत स्टोरेजमध्ये दात वाजत होते, मामांचं मफलर तू घेतलंस, असं नंतर मामाच सांगायचे. पेट्या मोजल्यास. थप्पीची रांग, उंची, खोली धरून आकडा काढलास, तो स्टॉक स्टेटमेंटशी जुळला. इथं कुठल्याही आर्टिकलनं सही घेतली असती, चहा घेतला असता आणि चारची एसटी पकडली असती. तू वॉचमनच्या केबिनमध्ये जाऊन त्याचं आवक-जावक रजिस्टर मागितलंस. तेलकट हातांनी काळं झालेलं, सुतळीनं बांधलेलं ते लांबट रजिस्टर. तुला ते कुणी बघायला सांगितलं नव्हतं, मीही नाही. त्यात मार्चच्या शेवटच्या तीन दिवसांत एक मोठा लॉट आत आलेला होता आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तोच लॉट, त्याच मार्क्याचा, दुसऱ्याच पार्टीच्या नावानं बाहेर जायचा गेटपास तयार होता. म्हणजे बँकेला दाखवायला माल पाहुणा म्हणून आणला होता. तू वहीत पानं नंबरासकट उतरवून आणलीस आणि संध्याकाळी माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणालीस, "सर, मोजणी बरोबर आहे, पण माल त्यांचा नाही."

ते वाक्य मी गेली कित्येक वर्षं नव्या आर्टिकलना ऐकवतोय.

आता तुला माहीत नसलेली अर्धी. त्याच रात्री त्या गृहस्थांचा मला फोन आला. "तुमची पोर फार प्रश्न विचारते, पुढच्या वेळी जरा जाणता माणूस पाठवा." मी म्हटलं, जाणता माणूस पाठवला होता म्हणूनच सापडलं. तो माल साठ्यातून काढल्याशिवाय मी सही केली नाही. पुढच्या वर्षी ते काम गेलं. त्यांच्याबरोबर त्यांच्या मेव्हण्याचं आणि यार्डातल्या आणखी दोन अडत्यांचं. आमच्यासारख्या तीन खोल्यांच्या ऑफिसात ती फी म्हणजे वर्षाचं भाडं होतं. नव्या ऑडिटरचं 'आपली काही हरकत आहे का' असं विचारणारं पत्र रीतसर आलं, मीही रीतसर सगळं लिहून कळवलं. तुला यातलं काही सांगितलं नाही. आर्टिकलनं शोधायचं काम करावं, त्याची किंमत किती हे बघणं माझं काम, असं माझं साधं गणित होतं. तुला तेव्हा सांगितलं असतं, तर पुढच्या गोदामात तू रजिस्टर मागताना क्षणभर थबकली असतीस.

आज सांगतोय, कारण १ एप्रिलपासून दोन्ही कामं तुझी झाली. आजवर तू शंका काढायचीस आणि क्लायंट दुखावेल का, हे वर बसलेलं कुणीतरी बघायचं. पुण्यातली तुमची फर्म मोठी असली, तरी तिथंही बाकीचे पार्टनर वर्षाअखेरीला एकच विचारणार, यंदा तू किती काम आणलंस. विचारू देत. धंदा आहे, त्यात गैर काही नाही. पण ज्याच्याकडून फी आणायची त्याच्याच गोदामात जाऊन 'माल तुमचा नाही' म्हणायचं, हे दोन्ही आता एकाच तोंडानं करायचं आहे. ज्याचं काम तू स्वतः आणलं असशील, त्याचं ऑडिट करताना हे जास्त जड जातं, अनोळखी क्लायंटचं तितकं नाही. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं स्वतः आणलेल्या कामाची फाईल दुसऱ्या पार्टनरकडून एकदा वाचून घेत जा. त्यांना आवडो न आवडो.

आणि माझ्यासारखं वागू नकोस असंही एका बाबतीत म्हणेन. तुझ्या हाताखालच्या मुलांना तू हे सांग. आम्ही झाकून ठेवलं, कारण आमच्या पिढीत पोरांशी पैशाचं बोलत नसत. आताची मुलं वेगळी आहेत. आर्टिकलशिपही आता तीनऐवजी दोनच वर्षांची झाली, तेवढ्यात सगळं आपोआप मुरेल अशी वाट बघायला वेळच नाही.

आता थोडं रुक्ष. भागीदारीचं डीड नीट वाचलंस का? सही करण्याआधी वाचलं असशीलच, पण स्वतःचा कागद माणूस क्लायंटच्या कागदाइतका बारकाईनं वाचत नाही, हा माझा अनुभव. नफ्याची टक्केवारी सगळेच बघतात. तू भांडवल कधी आणि किती आणायचं, उचल किती करता येते आणि बाहेर पडायची वेळ आली तर पैसे किती वर्षांत परत मिळतात, ते बघ. फर्म साधी भागीदारी असेल, तर १९३२ च्या कायद्याचं कलम २५ तुला परीक्षेसाठी घोकलेलं आठवत असेल: प्रत्येक भागीदार बाकीच्यांसह एकत्र आणि एकटाही जबाबदार. तेव्हा ते मार्कांपुरतं होतं, आता त्यात तुझा फ्लॅट आहे. एलएलपी असेल तर दुसऱ्या पार्टनरच्या चुकीपासून तू वाचतेस, स्वतःच्या चुकीपासून नाही. तुला मुहूर्त तर असा लागला आहे की ज्या दिवशी पार्टनर झालीस त्याच दिवशी आयकराचं कलम १९४टी लागू झालं. आता फर्म तुझ्या मानधनातून, भांडवलावरच्या व्याजातून दहा टक्के टीडीएस कापणार. इतकी वर्षं दुसऱ्यांचा कापलास!

एक गोष्ट मात्र कळकळीनं. रिपोर्टवर घालायचा यूडीआयएन नंबर स्वतः काढ. मी बघतो ना, सप्टेंबर आला की मोठमोठ्या ऑफिसांत पार्टनरसाहेब मीटिंगमध्ये, त्यांचं डिजिटल सहीचं टोकन आर्टिकलच्या ड्रॉवरमध्ये आणि ओटीपी व्हॉट्सअॅपवर. रिपोर्टवर मेंबरशिप नंबर कुणाचा, तर साहेबांचा. रात्री अकराला साठ फॉर्म अपलोड करणारं पोर काय करतंय हे त्यांना माहीतही नसतं. तू त्या खुर्चीत बसलेली आहेस, पण तू त्या पोराच्या जागीही बसलेली आहेस. टोकन पर्समध्ये ठेव. कितीही घाई असली तरी.

बाकी तुझ्याबद्दल मला काळजी नाही. फायनलच्या एका ग्रुपला अडकलीस तेव्हा तू महिनाभर ऑफिसात कुणाशी बोलत नव्हतीस, पण व्हाउचिंगमध्ये एक टीक चुकली नाही. तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, ही मुलगी थांबणार नाही. मी म्हटलं होतं, बघू. काकूंना हे अजून आठवतं आणि दर वेळी आठवण करून देतात, त्यामुळे तुझ्या प्रत्येक बढतीला माझी घरात हार होते.

महादेवमामा आता घरीच असतात, गुडघे गेले. बातमी सांगायला गेलो होतो. ऐकून म्हणाले, "मफलर परत नाय दिलं तिनं." तेव्हा बघ बाई, थकबाकी आहे.

मे महिन्यात बाबांकडे येशील तेव्हा एक दुपार आमच्याकडे ठेव. जतला आलेली दोन्ही पोरं त्या दिवशी ऑफिसात असतील असं बघतो. त्यांना भाषण वगैरे देऊ नकोस, फक्त एखादी फाईल त्यांच्याबरोबर बसून बघ. येताना दोन दिवस आधी कळव. काकूंना पुरणाचा बेत करायचा आहे आणि मला सध्या गोड बंद आहे, तुझ्या निमित्तानं एक पोळी सुटेल.

तुझा,
जोशी सर

ता. क. डीडची एक झेरॉक्स बरोबर आण. निवृत्तीच्या कलमावर मला एक नजर टाकायची आहे. फी घेणार नाही.