आमच्या टीमच्या लस-वाहतुकीच्या खोक्याला यंदाचा पॅकेजिंग पुरस्कार

एक आनंदाची बातमी. पॅकेजिंग उद्योगाच्या यंदाच्या वार्षिक पुरस्कारांमध्ये तापमान-नियंत्रित पॅकेजिंगच्या गटात आमच्या लस-वाहतुकीच्या खोक्याची निवड झाली. गुरुवारी संध्याकाळी ट्रॉफी हातात आली. स्टेजवर फक्त दोघांना बोलावलं होतं, त्यामुळे फोटोत मी आणि आमचे डिझाइन प्रमुख एवढेच दिसतोय. या खोक्यावर सतरा जणांनी काम केलं आहे. सगळ्यांना खाली टॅग केलंय. अभिनंदन करायचं असेल तर कृपया त्यांचं करा. त्यांच्यापैकी दोघांनी काय केलं ते मात्र इथे सविस्तर लिहायचं आहे, कारण पुरस्काराच्या अर्जात त्यासाठी रकानाच नव्हता.

आधी खोक्याबद्दल थोडं. बहुतेक लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. लस गरम झाली की खराब होते हे सगळ्यांना माहीत असतं. गोठूनही खराब होते, हे पुष्कळांना माहीत नसतं. हिपॅटायटिस बी, धनुर्वात, डांग्या खोकला यांच्या लसींमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. लस गोठली की त्यांचे कण एकमेकांना चिकटतात, आणि नंतर ती वितळली तरी पहिल्यासारखी होत नाही. कुपीवरचं व्हीव्हीएम लेबल उष्णता लागली की रंग बदलतं. लस गोठून गेली असेल तर त्यावर काहीच दिसत नाही. म्हणजे नुकसान झालेलं कळतही नाही आणि ती लस कुणाला तरी टोचली जाते. मला या कामात सगळ्यात जास्त भीती याचीच वाटत आली आहे.

फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फाचा पॅक उणे 20 अंशांच्या आसपास असतो. तो हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवायचा आणि मगच खोक्यात घालायचा, असा नियम आहे. पहाटे गाडी दारात उभी असते, माल भरायला दोनच माणसं असतात, तेव्हा तेवढा वेळ कुणाकडे नसतो. म्हणून आम्ही साध्या बर्फाऐवजी 5 अंशांच्या आसपास वितळणाऱ्या द्रव्याचे पॅक वापरायचं ठरवलं. आता प्रश्न सुटला, असं आम्हाला वाटलं.

अकरावी चाचणी हिवाळ्याच्या तापमानाची होती. क्लायमेटिक चेंबरमध्ये 72 तास झाले, आतलं सरासरी तापमान 4.3 अंश आलं. अहवाल तयार झाला, दोन दिवसांनी ग्राहकासमोर प्रात्यक्षिक होतं. संध्याकाळी आमच्या लॅबमधला टेक्निशियन आलेखाचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, सरासरी बरोबर आहे, पण हा कोपरा बघा." ठरलेल्या जागांवर सेन्सर लावून झाल्यावर त्याने आपणहून एक जास्तीचा सेन्सर तळाच्या कोपऱ्यात चिकटवला होता. तिथे 50 मिनिटं तापमान शून्याखाली होतं. सगळ्यात कमी, उणे 0.7.

मी आधी म्हटलं, सेन्सर सरकला असेल. खरं तर मला ते ऐकायचंच नव्हतं. त्याने वाद घातला नाही. सेन्सर बदलला, नवा कॅलिब्रेट केलेला लावला, तोच लोड तसाच पुन्हा चेंबरमध्ये ठेवला आणि तिसऱ्या दिवशी दुसरा आलेख आणून पहिल्याशेजारी ठेवला. कोपरा तोच, आकडा जवळपास तोच. मधल्या काळात प्रात्यक्षिक पुढे ढकललं होतं आणि त्यावरून मला वरून बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. दुसरा आलेख पाहिल्यावर त्याचं काही वाटेनासं झालं.

कारण सापडायला वेळ लागला नाही. पॅकमधलं द्रव्य 5 अंशांना वितळणारं असलं तरी चाचणीत आम्ही पॅक नेहमीसारखेच खोल फ्रीझरमध्ये गोठवले होते. वितळायला लागण्याआधी ते शून्याच्या बरेच खाली असतात, आणि तेवढ्या वेळात खेटून असलेली कुपी गारठते. पॅक आधी फ्रिजमध्ये स्थिर करून घ्या, अशी सूचना खोक्यावर छापून आम्ही मोकळे झालो असतो. पण सूचना कुणी वाचली नाही तर लस गोठणारच. म्हणून पॅक आणि कुप्या यांच्यामध्ये उष्णतारोधक अस्तर घालायचं ठरलं, म्हणजे पॅक कितीही थंड आला तरी थेट कुपीला लागणार नाही.

आता हे अस्तर. आमच्या पॅकिंग लाइनवरच्या सर्वांत अनुभवी ताईंना आम्ही दहा खोकी भरायला दिली. त्यांच्या हाताखाली नव्याने आलेल्या मुलीने भरलेल्या खोक्यांपैकी तिनांत अस्तर उलटं बसलं होतं. आम्ही बाणाचं चित्र छापू म्हणत होतो. ताई म्हणाल्या, "बाण कशाला? एक कोपरा कापा. उलटं घातलं तर बसणारच नाही." कात्री घेऊन त्यांनी तिथल्या तिथे एका तुकड्याचा कोपरा तिरका कापला आणि खोक्याच्या आतल्या भिंतीला त्याच जागी पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली. आज जे अस्तर तयार होतं त्याचा आकार हाच आहे. परीक्षकांनी खोका उघडल्यावर पहिला हात त्या कापलेल्या कोपऱ्याला लावला. तेव्हा ताई तिथे असायला हव्या होत्या, असं मला फार वाटलं.

ठरलेल्या वेळापत्रकात नसलेला डाय परचेसच्या मंडळींनी करवून घेतला. क्वालिटीने प्रत्येक बदलानंतर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून घ्यायला लावल्या. तेव्हा चिडचिड झाली, आज त्यांचे आभार मानते. अकाउंट्सने जास्तीच्या चाचण्यांचा खर्च मंजूर करून घेतला. आणि ज्या शीतगृहांनी पहाटे 4 वाजता माल भरताना आम्हाला बाजूला उभं राहू दिलं, तिथल्या कर्मचाऱ्यांचे मनापासून आभार. पॅक बाहेर ठेवायला वेळ नसतो हे आम्हाला तिथे उभं राहिल्यावरच दिसलं.

टीममधल्या सगळ्यांच्या घरच्यांचेही आभार. चेंबरची चाचणी शनिवार-रविवार बघत नाही, त्यामुळे सलग कित्येक सुट्ट्या लॅबमध्ये गेल्या.

ट्रॉफी सोमवारपासून टेस्टिंग लॅबच्या दाराशी, चेंबरच्या नोंदवहीशेजारी असेल. तो जास्तीचा कोपऱ्यातला सेन्सर आता आमच्या प्रत्येक चाचणीच्या लेखी पद्धतीत आहे. याच क्षेत्रात काम करणाऱ्या कुणाला त्या दोन चाचण्यांचे आलेख, म्हणजे फसलेल्यासुद्धा, बघायचे असतील तर मेसेज करा, पाठवते. आणि तुमच्या चाचणीत कोपऱ्यात असं काही दिसलं असेल तर तेही जरूर कळवा. मोठ्या खोक्याच्या चाचण्या पुढच्या आठवड्यात सुरू होत आहेत, त्याआधी कळलं तर आमच्या फार उपयोगाचं आहे.

#पॅकेजिंग #शीतसाखळी #लससुरक्षा #टीमवर्क