टिपाड

अश्विनीच्या वहीत यादी होती: पलंग, आरसा, खुर्ची, पडदे. पडद्यांपुढे तिनं 'फिकट निळे' असंही लिहून ठेवलं होतं. औशाजवळच्या गावात, एसटीची वाट बघत केलेली ती यादी.

संभाजीनगरात पुंडलिकनगरच्या त्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकाचा ओटा. भाडं साडेचार हजार. किल्ली देताना घरमालकीण काकूंनी दोनच गोष्टी सांगितल्या.

"भिंतीला खिळा मारायचा नाही. आणि नळ सात-आठ दिवसाला येतो, कधी पहाटे, कधी रात्री दोनला. टिपाड हाय का तुझ्याकडं?"

टिपाड यादीत नव्हतं.

रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसायचे तिला अकरा हजार आठशे मिळत. भाडं गेलं, डिपॉझिटसाठी मायनं बचत गटातून उचललेल्या दहा हजारांचा हजाराचा हप्ता गेला, धाकट्या भावाच्या क्लासला दीड हजार गेले. उरलेल्या चार हजार आठशेत महिना. त्यातले हजार 'घरासाठी' असं ठरवून तिनं ते गव्हाच्या पिठाच्या डब्यात, पिशवीत बांधून पुरले.

पहिल्या रविवारी ती जाफर गेटच्या बाजारात गेली. जुन्या सामानाच्या त्या गर्दीत एक लोखंडी पलंग तिला फार आवडला. तिनं त्यावर हात फिरवला, भाव विचारला आणि पुढं गेली. निळ्या टिपाडांपाशी मात्र ती अर्धा तास उभी होती. दोनशे लिटरचं प्रत्येक टिपाड उघडून ती आत डोकं घालून वास घ्यायची. एकातून असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"चाचा, यात काय होतं?"

"धो के ले लो बेटा, कुछ नहीं होता."

"काय होतं ते सांगा ना."

चाचांनी कान खाजवला. लॅबमध्ये बसून तिला एवढं कळलं होतं की बाटली धुतली तरी आत काय होतं ते विचारावंच लागतं. शेवटी तिनं लोणच्याचं टिपाड निवडलं. नऊशेचं साडेसहाशेला सुटलं. टेम्पोरिक्षाला दीडशे. जिन्यावरून ते चढवताना खालच्या मजल्यावरच्या पोरांनी हात लावला, आणि काकूंनी दारातूनच 'भिंतीला रंग नवाय' म्हणून मदत केली.

सोडा, लिंबू, ऊन, परत सोडा. तरी पाण्याला कैरीचा बारीक वास राहिलाच.

पण टिपाड आलं आणि खोलीला एक मधली जागा आली. झाकणावर तिनं फळी टाकली. भरलेलं असलं की ते पक्कं टेबल. आठवड्याच्या शेवटी रिकामं झालं की ताट ठेवताच डुगडुगायचं. किती पाणी उरलंय ते तिला झाकण न उघडता कळायला लागलं. लॅबनं पाठ मोडलेली खुर्ची भंगारात काढली, ती तिनं सरांना विचारून रिक्षातून आणली. दुसऱ्या पगारातून एकशे ऐंशीचा आरसा आला. खिळ्याला बंदी, म्हणून तो टिपाडाला टेकला. त्यामुळे सकाळी ऑफिसला जाताना अश्विनीला स्वतःची फक्त चप्पल आणि सलवार दिसायची. केस ती अंदाजानं विंचरायची.

दिवाळीच्या आधी माय आली. डोक्यावर ज्वारीचं बोचकं, काखेत दोन वाकळा. तिनं खोली बघितली, खुर्ची बघितली, खिडकीला बांधलेली जुनी ओढणी बघितली. मग टिपाडाचं झाकण उचलून वाकली.

"लोणच्याचा वास यायलाय."

"जातोय हळूहळू."

"लातूरला रेल्वेनं पाणी आलतं तवा तू सातवीत होतीस," माय म्हणाली. "म्हणायचीस, मोठ्या शहरात जाते, नळ सोडते, बसते. आता इथं येऊन बी पाणीच भरायलीस का?"

अश्विनी हसली. उत्तर तिच्याकडं नव्हतं. दोघी वाकळा अंथरून झोपल्या.

रात्री अडीचला नळ घरघरला. अश्विनी दिवसभराची दमलेली, तिला जाग आली नाही. सकाळी उठून बघते तर टिपाड काठोकाठ. बादली भरलेली, कुकर भरलेला, पातेली, तांब्या, दोन्ही पेले, चहाचं भांडं, तिच्या जेवणाच्या डब्याचे तिन्ही पुडे, सगळे भरून ओट्यावर ओळीनं मांडलेले. पिठाचा डबासुद्धा. पीठ वर्तमानपत्रावर काढलेलं, आणि त्याच्या बाजूला पिशवीतले चारशे रुपये, नीट घडी घालून.

माय फळीला कोपर टेकून बसली होती. टेबल हलत नव्हतं.

"चहा ठेव की," माय म्हणाली.

"कशात?"