पेठ तालुक्यातील वारली लग्नचौक : कुडाची भिंत जाऊन सिमेंट आल्यावर माध्यमात झालेले बदल

शेणामातीने सारवलेल्या कुडाऐवजी सिमेंटचा गिलावा आल्यावर वारली लग्नात घराच्या भिंतीवर काढल्या जाणाऱ्या लग्नचौकाचा रंग, साधने आणि रेषा यांत नेमके काय बदलते, हा या निबंधाचा प्रश्न आहे. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यातल्या 3 पाड्यांवरील 12 घरांत (7 कुडाची, 5 सिमेंटची) लग्नसराईत निरीक्षण केले, चौक काढणाऱ्या 9 सुवासिनींशी बोललो आणि दोन्ही भिंतींचे फूटभर नमुने करून त्यांवर तांदळाच्या पिठाचा रंग एक पावसाळा तपासला. गेरू दिलेले सारवण पाणी शोषते, म्हणून त्यावर नुसते कालवलेले पीठही धरते. सारवण ओले असताना घाई केली तर मात्र रेषा फुटते आणि पिवळट पडते. सिमेंटच्या भिंतीवरील डिस्टेंपरवर तेच पीठ वाळताच पापुद्रे धरून सुटते. डिंकाचे पाणी घातल्यास चिकटते, पण डिंक जास्त झाला की तडे जातात. ओलीत बुरशी दोन्ही नमुन्यांवर आली. पीठ धरत नाही म्हणूनच सिमेंटच्या 4 घरांत पांढरा अ‍ॅक्रिलिक आणि विकतचा ब्रश आला आहे. टोक चेचलेल्या बांबूच्या काडीची रेषा दर वितीला रंग संपत बारीक होते. ब्रशची सरळसोट, काहीशी निर्जीव वाटते. चौकाच्या मध्यभागी असणारी लग्नाची देवता, पालघट देवी, एकाही चौकातून वगळलेली नाही. कात्री लागली ती चौकटीच्या नक्षीला, कारण वेळखाऊ काम तेच.